मदत हवी आहे: गाडीचा एक्झॉस्ट आणि इंजिनाचा नकली आवाज गप्प कसा करायचा? (तातडीचं)

सहावा_गिअर
नमस्कार मंडळी. गाडीच्या आवाजाने वैताग आणलाय. पहाटे साडेपाचला निघावं लागतं. खाली पार्किंगमध्ये गाडी चालू केली की अख्खी इमारत जागी होते. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तक्रार केली आणि आता इमारतीच्या व्यवस्थापनाचं लेखी पत्र हातात पडलंय. दुसरीकडे बायको म्हणते, हायवेवर कानात सारखं गुंऽऽ होतं, बाळ झोपत नाही.
मित्र म्हणाला, हा आवाज खरा नसतोच, कृत्रिम असतो. म्हणून स्टीरिओ पूर्ण बंद करून पाहिला. फरक शून्य. मग सायलेन्सरमध्ये आवाज कमीजास्त करणारा फ्लॅप असतो त्याची वायर काढली तर कायमचं शांत होईल का? कोणती वायर? लवकर सांगा, पत्राला उत्तर द्यायचंय.

नाशिककर_काका
सायलेन्सर फुटलाय. खाली वाकून बघा, काजळीचा डाग दिसेल. द्वारका चौकाजवळ आमचा एक वेल्डिंगवाला आहे, अर्ध्या तासात टाके मारून देतो.

ऑइलपंप
काका, गाडी कोणती हेच अजून कळलेलं नाही, टाके कुठे मारताय?
सहावा_गिअर, गाडी, वर्ष, गिअरबॉक्स आणि नेहमी लावता तो मोड सांगा. शिवाय राहता कुठे? व्यवस्थापनाचं लेखी पत्र म्हणजे भारत वाटत नाही.

सहावा_गिअर
ह्युंदाईची आय थर्टी एन हो, लिहिलं नव्हतं का. २०१९ची, परफॉर्मन्स, मॅन्युअल. स्टुटगार्टजवळ राहतो. मोड एन कस्टम, त्यात सगळं स्पोर्ट प्लसवर. घेतली त्याच दिवशी लावलं, नंतर हात लावलेला नाही. वायरचं सांगा ना.

लंडनचा_बाळू
सोपं आहे. माझी गोल्फ जीटीआय आहे. गाडीच्या सेटिंग बदलायचं ओबीडीइलेव्हन नावाचं यंत्र लावायचं, साउंडच्या कंट्रोल युनिटमध्ये जायचं, आवाजाची पातळी १०० असते ती ० करायची. दोन मिनिटांत गाडी गाईसारखी गरीब. तुम्हीही हेच करा.

ऑइलपंप
बाळू, तुमचा उपाय बरोबर आहे, पण फोक्सवॅगनसाठी. ह्युंदाईत तो मेनू नाही. मात्र तुमच्या उदाहरणावरून स्टीरिओ बंद करून फरक का पडला नाही ते कळतं. गोल्फमध्ये काय आणि आय थर्टी एनमध्ये काय, हा आवाज दारातल्या स्पीकरमधून येतच नाही. समोरच्या काचेखाली, वायपरच्या प्लास्टिकच्या आत एक छोटं यंत्र पत्र्याला घट्ट बसवलेलं असतं. ते पत्रा थरथरवतं आणि काच, डॅशबोर्ड मिळून आवाज करतात. स्टीरिओची मूठ शून्यावर आणली तरी त्याला पत्ता नसतो. काही कंपन्या खरोखर स्पीकरमधून आवाज देतात, बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये तसं आहे. तुमच्या मित्राने तशीच गाडी पाहिली असणार.
पण हे यंत्र आजींना ऐकू जात नाही. ते फक्त आत बसलेल्यांसाठी आहे. तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच वायर शोधताय.

जुना_बीएम
वायर कशाला, नळी काढा. माझ्या जुन्या थ्री सिरीजला मागच्या सायलेन्सरवर व्हॅक्यूमची बारीक नळी होती. ती ओढली, तोंडात स्क्रू घातला, विषय संपला. एकदम शांत गाडी.

ऑइलपंप
त्या पद्धतीच्या फ्लॅपमध्ये व्हॅक्यूम फ्लॅप बंद करतो आणि स्प्रिंग उघडतं. नळी काढली की फ्लॅप कायमचा उघडा, म्हणजे गाडी मोठ्याने बोलणार. लोक नळी काढतात ती आवाज वाढवायला.

जुना_बीएम
माझी शांतच झाली होती. मी चालवत होतो की तुम्ही?

ऑइलपंप
बरं, तुमची शांत झाली. आय थर्टी एनमध्ये मात्र नळीच नाही, फ्लॅपला विजेची मोटर आहे. तिची वायर काढली की फ्लॅप त्या क्षणी जिथे असेल तिथेच राहील. उघडा असताना काढलीत तर उघडाच अडकला. वर मोटरकडून उत्तर आलं नाही की दोष नोंदला जाईल तो वेगळाच. सहावा_गिअर, वायरचा नाद सोडा.

व्होल्टराव
माझ्या माहितीप्रमाणे युरोपात कृत्रिम आवाज बंद करणं बेकायदेशीर आहे. पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तो सक्तीचा केलाय. दंड होईल.

सुमेधा_म्युनिक
व्होल्टराव, तो नियम इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा. जुलै २०२१पासून नव्या विकल्या जाणाऱ्या अशा सगळ्या गाड्यांना २० किमी वेगापर्यंत बाहेर आवाज करावा लागतो. इथे पेट्रोल गाडीच्या आतल्या करमणुकीचा विषय चाललाय, त्याचा पादचाऱ्याशी संबंध नाही.
सहावा_गिअर, जर्मनीतला नियम तुमच्याच अंगावर येतोय तो वेगळा. वाहतूक नियमावलीच्या कलम ३०मध्ये विनाकारण आवाज करायला मनाई आहे, आणि इंजिन उगाच चालू ठेवणं हे त्यात उदाहरण म्हणून नाव घेऊन लिहिलंय. २०२१मध्ये याचा दंड ८० युरो झाला. शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, त्यात तुमचे साडेपाच बसतात. एक विचारते, रागावू नका: सकाळी गाडी चालू करून गरम होऊ देता का?

सहावा_गिअर
हो, देतोच. टर्बो आहे, तेल गरम व्हायला नको? बाबांनी पुण्यात तेच शिकवलंय. तेवढ्यात सीट, आरसे, गाणी लावून होतं.

ऑइलपंप
मुद्दा सापडला. सहावा_गिअर, नीट वाचा.
गाडी बंद करून पुन्हा चालू केली की एन कस्टम राहत नाही, ती साध्या मोडमध्ये जागी होते. पहाटे चालू करताना तुमचं स्पोर्ट प्लस लागलेलंच नसतं. मग आजी जाग्या कशाने होतात? थंड इंजिनाने. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय धूर स्वच्छ करत नाही, म्हणून सुरुवातीला संगणक मुद्दाम आरपीएम चढे ठेवतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. जळणं उशिरा होतं, गरम वायू थेट एक्झॉस्टमध्ये जातो आणि कन्व्हर्टर तापतो. तो घोगरा, भरलेला आवाज त्याचा. कोणताही मोड लावून तो जात नाही. साधारण मिनिटभरात आपोआप उतरतो.
म्हणजे तिथे तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत. एक, गाडी उभी कुठे आणि कशी करता. दुसरी, चालू केल्यावर किती वेळ तिथे थांबता. सीट, आरसे, गाणी, पट्टा, सगळं इंजिन बंद असताना उरका. मग बटण दाबा आणि लगेच हळू निघा. तेल चालता चालता जास्त लवकर गरम होतं, फक्त पहिली दहा-पंधरा मिनिटं आरपीएम चढवू नका आणि टर्बोला कामाला लावू नका. रॅम्प चढताना पहिल्या गिअरमध्ये जेवढं लागेल तेवढंच द्या. एनचं बटण मोठ्या रस्त्याला लागल्यावर.
गाडी तोंड बाहेर करून लावता का? म्हणजे नळकांडी भिंतीकडे असतील.

सहावा_गिअर
हो, निघायला सोपं म्हणून रिव्हर्स लावतो. मागे काँक्रीटची भिंत. वर आजींची बेडरूम.

ऑइलपंप
मग आवाज भिंतीवर आपटून छतात जातोय. तोंड भिंतीकडे करून लावून बघा. फायदा किती होईल ते तुमच्या पार्किंगच्या आकारावर, पण फुकट आहे.
आता बायकोची तक्रार. आउटोबानवर ताशी किती आणि आरपीएम किती?

सहावा_गिअर
१२० ते १३०. आरपीएम ३,०००च्या आसपास. सहावा गिअर.

ऑइलपंप
चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा पेटतं. ३,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे १०० ठोके. १०० हर्ट्झचा तो खर्जातला सूर छोट्या हॅचबॅकच्या डब्यात घुमतो. फ्लॅप उघडा असला की वायू सायलेन्सरच्या गप्प करणाऱ्या वाटेने न जाता सरळ निघतो, म्हणून हाच सूर जोरात येतो. काचेखालचं यंत्र वर आणखी भर घालतं.
एन कस्टमच्या यादीत इंजिन, सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि एक्झॉस्ट साउंड अशा वेगवेगळ्या ओळी आहेत. फक्त एक्झॉस्ट साउंड नॉर्मलवर आणा, बाकी सगळं तुमचं स्पोर्ट प्लस तसंच राहू द्या. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगात बायकोला विचारा. घुमणं कमी झालं तर फ्लॅप. तसूभरही फरक पडला नाही तर आणखी एक चाचणी: गाडी मोकळ्या जागी उभी करून कोणाला तरी तीच ओळ नॉर्मल आणि स्पोर्ट प्लस अशी बदलायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. बाहेरचा सूर बदलायला हवा. बदलला नाही तर फ्लॅप अडकलाय, तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजतात ते.
आणि जोरात दाबलीत तर नॉर्मलमध्येही फ्लॅप उघडू शकतो. ते वायूला वाट द्यायला असतं.

लंडनचा_बाळू
एक्झॉस्ट नॉर्मलवर आणलं तर एन घेतली कशाला? अॅक्सिलरेटर सोडताना फटाके फुटतात ते ऐकायलाच तर घेतात लोक.

सुमेधा_म्युनिक
गावातून जाताना असे आवाज ऐकवणाऱ्यांमुळेच ऑस्ट्रियातल्या टिरोलने २०२०मध्ये काही डोंगरी रस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकलींना उन्हाळ्यात बंदी घातली. उद्या गाड्यांवर येईल.

नाशिककर_काका
आमच्याकडे बुलेटचे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडतात. फोटो पेपरात येतो. तरी दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडला फटफट चालूच.

व्होल्टराव
म्हणून इलेक्ट्रिक घ्या म्हणतो. महिंद्रा बीई सिक्सला रहमानने आवाज दिलेत. हवे तेव्हा लावा, नको तेव्हा बंद.

जुना_बीएम
पगार देऊन संगीतकाराकडून इंजिन वाजवून घ्यायचं. काय दिवस आले.

सहावा_गिअर
अपडेट. गाडी तोंड भिंतीकडे करून लावली, सगळं आधी आवरून मग स्टार्ट करतो आणि लगेच निघतो. आजींशी जिन्यात बोललो. म्हणाल्या, चालू केल्याचं अजून ऐकू येतं पण पूर्वी ते संपतच नव्हतं, आता गाडी निघून जाते. पत्राला तसंच उत्तर लिहिलंय.
एक्झॉस्ट साउंड नॉर्मलवर केलं. १३०ला घुमणं बरंच कमी झालं, बायकोला मान्य. पण इंजिन स्पोर्ट प्लसवर असताना वेग घेतला की पुढून, काचेकडून एक खोटी गुरगुर येते ती तशीच. मागून नाही, पुढून. ते काचेखालचं यंत्रच ना? त्याचा कनेक्टर काढू का?

ऑइलपंप
पुढून येतो आणि एक्झॉस्टची ओळ बदलून हलत नाही, म्हणजे तेच. काढायला वायपर आणि खालचं प्लास्टिक उतरवावं लागतं, क्लिपा जुन्या झाल्या असतील तर तुटतात. आधी इंजिनची ओळ स्पोर्ट प्लसवरून स्पोर्टवर आणून बघा. मी माझ्या गाडीत कनेक्टर काढून टोकाला टेप लावून ठेवला आहे, पण माझी वॉरंटी संपलेली होती. तुमची?

सहावा_गिअर
ह्युंदाईची इथे पाच वर्षं असते, ती गेली. पण गाडी सेकंडहँड, विकणाऱ्याने स्वतःची एक वर्षाची दिलीये, ती चालू आहे.

सुमेधा_म्युनिक
मग हात लावण्याआधी त्याला लेखी विचारा.

जुना_बीएम
लेखी विचारलं की नाहीच म्हणणार. टेप लावा आणि गप्प बसा.

लंडनचा_बाळू
सहावा_गिअर, तुमच्या स्पोर्ट प्लसमध्ये अॅक्सिलरेटर सोडताना फटाके एक्झॉस्ट नॉर्मलवर असतानाही फुटतात का? माझा मित्र म्हणतो ते इंजिनच्या ओळीवर ठरतं, मी म्हणतो एक्झॉस्टच्या. पैज लागली आहे.