मदत हवी आहे: पाळी बदलली की गोळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं

फोंड्याची_सून

नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर आहे, वय ४७. तीन पाळ्या आहेत: ए म्हणजे ७ ते ३, बी ३ ते ११ आणि सी रात्री ११ ते सकाळी ७. दर सोमवारी पाळी बदलते, रविवारी सुट्टी. गोळ्या तीन: उपाशीपोटी थायरॉईडची ७५ मायक्रोग्रामची, बीपीची टेल्मिसार्टन ४०, आणि साखरेची ग्लिमेपिराईड १ अधिक मेटफॉर्मिन ५०० अशी एकत्र गोळी. चिठ्ठीवर तिन्हींपुढे १-०-० लिहिलंय.

सी पाळीहून हे आठला घरी येतात, हातपाय धुऊन तिन्ही गोळ्या एकदम घेतात, चहाबरोबर दोन पाव खातात आणि साडेआठला झोपतात. गेल्या आठवड्यात अकराच्या सुमारास मी खोलीत गेले तर गंजी घामाने निथळत होती, हात थरथरत होते, विचारलं त्याला धड उत्तर नाही. साखर ५८. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ८४ आली. त्यात पाळी बदलते त्या दिवशी "आज घेतली की काल?" हा घोळ असतोच. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी मिळाली आहे. तोवर काय करावं आणि त्यांना नेमकं काय विचारावं?

कोंबडा_आरवला

सोपं आहे. तिन्ही पाळ्यांत माणूस जागा असतोच अशी एक वेळ धरा. रात्रीचे आठ. ए असेल तर घरी, बी असेल तर कँटीनला, सी असेल तर बस पकडायच्या आधी. तिन्ही गोळ्या आठला घ्यायच्या, मोबाईलवर गजर लावायचा, विषय संपला. माझी बीपीची गोळी बरीच वर्षं अशीच चालू आहे.

औषधाचं_दुकान

मडगावात फार्मसी चालवतो. वरच्यांचं एक तृतीयांश बरोबर आहे, कारण ते बीपीच्या गोळीपुरतं लागू पडतं. टेल्मिसार्टनला जेवणाशी देणंघेणं नाही, दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी पोटात गेली की झालं. रात्री आठ उत्तम. डॉक्टरांनी होकार दिला की ज्या दिवशी वेळ बदलाल त्या दिवशी सकाळची घेऊ नका, थेट रात्री आठला घ्या. दोन्ही वेळा नको.

थायरॉईडची आठला जमणार नाही, कारण तेव्हा पोट रिकामं नसतं. ती झोपून उठल्यावर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. उठणं पहाटे पाचला असो की दुपारी तीनला. ही गोळी शरीरात इतकी हळू उतरते की पाळी बदलताना आठ-दहा तास पुढेमागे झाले तरी बिघडत नाही. दूध, कॉफी, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी बरोबर गेली तर मात्र नीट शोषली जात नाही. कॅल्शियम-लोह चार तास लांब ठेवा.

खरा घोटाळा साखरेच्या गोळीचा आहे. त्यातलं ग्लिमेपिराईड घेतल्यावर दोन-तीन तासांत सर्वांत जोरात काम करतं, आणि पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही. दोन पाव खाऊन साडेआठला झोपले, अकराला गोळीचा जोर आणि तीनपर्यंत तोंडात घास नाही. तुम्ही पाहिलंत ते त्यामुळेच. मेटफॉर्मिन एकटं सहसा असं करत नाही. म्हणून चिठ्ठीतला पहिला १ घड्याळातल्या सकाळचा न धरता, मोठ्या झोपेनंतरच्या पहिल्या भरपेट जेवणाचा धरायचा. झोपायच्या आधी ही गोळी नाहीच. साखर इतकी उतरली असताना गुरुवारपर्यंत थांबू नका. डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि पुढची गोळी घ्यायची का तेही विचारा.

फोंड्याची_सून

म्हणजे सी पाळीत तीनला उठल्यावर थायरॉईड, पावणेचारला शीतकढी आणि त्याबरोबर साखरेची? मग बदलाच्या दिवसांचं काय?

औषधाचं_दुकान

बरोबर. तुमच्याच पाळ्या धरून मांडतो, हे डॉक्टरांना दाखवा. ए पाळीत पाचला थायरॉईड, साखरेची कँटीनच्या साडेआठच्या नाश्त्याबरोबर, म्हणजे ती खिशात न्यावी लागेल. बी पाळीत आठला उठून थायरॉईड, नऊला पोटभर नाश्ता आणि साखरेची.

बीवरून सीवर जाताना सोमवारी सकाळी घरीच असतात, तेव्हा नऊलाच घ्यायची. मंगळवारी सकाळी कामावरून आल्यावर नाही, दुपारी पावणेचारला. अंतर तीसएक तासांचं पडतं. ती चुकलेली नव्हे, उशिराची, म्हणून भरपाईला जादा घ्यायची नाही.

सीवरून एवर जाताना खरी गोची. शनिवारी पावणेचारला घेतली आणि रविवारीही पावणेचारलाच घेतली, तर सोमवारी साडेआठला पुन्हा, म्हणजे सतरा तासांतच. म्हणून रविवारी सकाळी येऊन झोपले की साडेबाराला उठवा, एकच्या सुमारास जेवणाबरोबर द्या. मग दोन्ही टप्पे वीस-एकवीस तासांचे होतात.

रातराणी_नर्स

माझं वेगळं आहे. मी फिटची गोळी दोन वेळा घेते, बारा तासांच्या अंतराने. मला "उठल्यावर" वगैरे चालत नाही, सकाळी आठ आणि रात्री आठ ठोक. नाइट असली की झोपायच्या आधी घेते. शिवाय झोप मोडली की फिटचा धोका वाढतो म्हणून डॉक्टरांनी माझ्या नाइट कमी करून दिल्या. तुम्हीही तसं पत्र मागा.

औषधाचं_दुकान

तुमच्या गोळीला घड्याळच हवं, ताई, पण वहिनींच्या यजमानांच्या गोळ्या तशा नाहीत. पत्राची सूचना मात्र चांगली.

वहिनी, डॉक्टरांना मुख्य प्रश्न हा विचारा: रात्रपाळी करणाऱ्याला ग्लिमेपिराईडच हवं का? टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन अशा गोळ्या जेवणाआधी-नंतर कशाही चालतात आणि एकट्याने सहसा साखर इतकी खाली नेत नाहीत. त्यांची एचबीएवनसी आणि किडनीचे रिपोर्ट बघून ते ठरवतील, मी इथे बसून नाही.

कोंबडा_आरवला

बरं, थायरॉईड आणि साखरेचं कळलं. पण घेतली की नाही हे कसं समजायचं? सात खणांची डबी आणा. खण रिकामा म्हणजे घेतली.

औषधाचं_दुकान

डबी चांगली, पण खणांवर वारापुढे "सकाळ-रात्र" न लिहिता "पहिल्या जेवणाबरोबर" आणि "रात्री ८" लिहा. थायरॉईडची मात्र बाटलीतच राहू दे. आपल्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी धरतं, आणि ही गोळी दमटपणाने व उन्हाने खराब होते. ती घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला टिंब मारायचं. रविवारी डबी भरताना पाळी बघून तुम्हीच भरा.

घेतली की नाही याची शंका आली आणि खण सांगत नसेल, तर साखरेची त्या दिवशी घेऊ नका. एक दिवस साखर थोडी वाढलेली परवडते. दोनदा गेली असेलच तर झोपू देऊ नका, खायला द्या, साखर तपासत राहा आणि दवाखान्यात न्या. हिचा असर तासन्‌तास टिकतो, एकदा साखरपाणी पाजून भागत नाही. बेशुद्धीकडे गेले तर तोंडात काही घालू नका, १०८.

फोंड्याची_सून

डॉक्टरांशी फोनवर बोलले. भेटीपर्यंत साखरेची ही गोळी बंद, घरी साखर मोजत राहायचं असं म्हणाले. बीपीची आठला चालेल, ती आजपासून. एक राहिलंच. बीचा रिलिव्हर आला नाही की यांना तिथेच सकाळी सातपर्यंत थांबवतात, आधी कळवतही नाहीत. पुढे पुन्हा अशीच गोळी दिली तर?

औषधाचं_दुकान

त्या दिवशी सकाळी नऊची गेलेलीच असेल, तिचा असर रात्रीही थोडा राहतो. म्हणून मध्यरात्री काहीतरी पोटभर खायलाच हवं, नुसता चहा नको. मशीनवर एकटे असताना घाम आला तर खिशात ग्लुकोजची पुडी असावी आणि बरोबरच्या एका माणसाला माहीत असावं.

फोंड्याची_सून

पुडी ठेवते. बरोबरच्यांना सांगायला मात्र हे तयार नाहीत, मशीनवरून काढतील म्हणतात.

रातराणी_नर्स

फक्त शिफ्ट इनचार्जला सांगू देत. आणि मध्यरात्री तुमच्या कँटीनमध्ये मिळतं तरी काय?