मदत हवी आहे: बाबा दवाखान्यात आहेत, तिथेच मृत्युपत्र करायचं आहे. पुढे वाद होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

मनीषनगरकर
बाबा ७४ वर्षांचे. यकृताचा कॅन्सर, धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात भरती आहेत. मनीषनगरचा फ्लॅट त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतला. तो माझ्या नावे करायचा, असं ते स्वतःहून म्हणताहेत. मी त्यांच्यासोबतच राहते. दादा पुण्याला असतो, त्याला हे पटणार नाही. सकाळी बाबा अगदी स्वच्छ बोलतात, पेपर वाचून घेतात. रात्री मात्र गोंधळतात, कधी आईला हाका मारतात (ती जाऊन बरीच वर्षं झाली). उजव्या हाताला सलाईन आहे. दुखणं थांबवायला मॉर्फिन सुरू आहे. दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, आम्ही मृत्युपत्रावर सही करत नाही. मी मसुदा टाइप करून नेऊ का?

भाऊसाहेब_काटोल
ताई, रजिस्टर करून टाका, विषय संपला. रजिस्टर मृत्युपत्राला कोणी हात लावू शकत नाही. आणि साक्षीदार म्हणून तुम्ही सही करू नका, नाहीतर फ्लॅट जाईल.

वकील_सिव्हिल_लाईन्स
रजिस्टर करणं चांगलंच, पण त्यावरही कोर्टात वाद होतो, आणि साक्षीदारांपैकी निदान एकाला येऊन सांगावंच लागतं. ज्याला मिळकत मिळते त्यानेच साक्षीदार होऊ नये हे खरं. पण त्याने हिंदूंच्या मृत्युपत्रातून मिळणारी मिळकत आपोआप रद्द होत नाही, संशय मात्र वाढतो.

ताई, मसुदा तुम्ही टाइप करून नेऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या १९५८ च्या वेंकटचल अय्यंगार निकालापासून कोर्ट हेच बघतं, की ज्याचा फायदा, त्यानेच पुढाकार घेतला का. वकिलाला बाबांनी स्वतः बोलावू द्या, दोघांना एकांतात बोलू द्या. सही होताना तुम्ही खोलीत नको.

आता खरी अडचण. उद्या दादाचा वकील दवाखान्याचे केसपेपर मागवेल. त्यात रात्रीच्या सिस्टरची नोंद असेल, 'पेशंट गोंधळलेले'. तुमच्याकडचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट नुसतं 'मन स्वस्थ आहे' म्हणत असेल, तर दोन्ही कागद भांडतील आणि सर्टिफिकेट हरेल. म्हणून रात्रीचा गोंधळ लपवू नका. डॉक्टरांनी केसपेपरवरच तारीख-वेळ टाकून लिहावं: रात्री गोंधळ होतो, आज सकाळी साडेदहाला तपासलं, नाव, ठिकाण, तारीख, मुलं, मिळकत नीट सांगितली, मॉर्फिनचा मागचा डोस इतक्या वाजता दिला. सही त्यानंतर लगेच त्याच बैठकीत व्हावी. मृत्युपत्र करताना आपण काय करतोय हे कळत असलं पाहिजे. रात्री गोंधळ होतो एवढ्यानं सकाळचं मृत्युपत्र बाद होत नाही.

मनीषनगरकर
पण डॉक्टर सही करत नाहीत ना?

वकील_सिव्हिल_लाईन्स
साक्षीदार व्हायला नाही म्हणतात, की तपासणीची नोंद करायलाही? नीट विचारा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं सर्टिफिकेट देणारा डॉक्टर साक्षीदार ठरत नाही. साक्षीदार दोन वेगळे घ्या, बाबांपेक्षा बरेच तरुण, नागपुरातच राहणारे, नात्यातले नको. दोघांनी बाबांना सही करताना पाहावं आणि बाबांच्या समोर स्वतः सही करावी. सही जमली नाही तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो, पण 'उजव्या हाताला सलाईन असल्याने' असं खाली लिहा. मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं, हेही.

रेशीमबाग_१९
आमच्या काकांच्या वेळी सोसायटीत नॉमिनेशन होतं, तेवढ्यात काम झालं. मृत्युपत्राची भानगड कशाला?

वकील_सिव्हिल_लाईन्स
कोणी हरकत घेतली नसेल. नॉमिनी हा मालक होत नाही, वारस भांडले की उघडं पडतं.

भाऊसाहेब_काटोल
व्हिडिओ काढला तर?

वकील_सिव्हिल_लाईन्स
काढा, पण 'फ्लॅट मुलीला देताय ना?' असं विचारून नको. 'तुमचं काय काय आहे, कोणाला देता, मुलाला का नाही?' असं साक्षीदाराने विचारावं आणि बाबांना थांबत-थांबत बोलू द्यावं. दादाला का वगळलं, ते कारण मृत्युपत्रातही बाबांच्या शब्दांत येऊ द्या. मूळ फाईल ज्या मोबाईलवर काढली तो जपून ठेवा.

सिस्टर_अजनी
मी आयसीयूत काम केलंय. मॉर्फिन दिल्या-दिल्या पेशंटला झोप येते. डोस पुढे ढकलून मुद्दाम दुखत ठेवू नका, दुखण्यानेही माणूस भांबावतो. डॉक्टरांनाच विचारा, दोन डोसांच्या मध्ये बाबा कधी टवटवीत असतात.

मनीषनगरकर
हे फार मोलाचं सांगितलंत. बाबांचा आजच वकिलांशी फोन लावून दिला, मी बाहेर थांबले. रजिस्ट्रारला दवाखान्यात बोलावता येतं ना?

वकील_सिव्हिल_लाईन्स
येतं, आजाराचं कारण दाखवून अर्ज करावा लागतो. पण ते कधी येतील हे मी सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी सही अडवून ठेवू नका. दोन साक्षीदारांसमोर झालं की मृत्युपत्र पूर्ण होतं, रजिस्टर नंतरही करता येतं.

मनीषनगरकर
दादाला आधी सांगावं का, हे मात्र ठरत नाहीये. बाबा नको म्हणतात.