गुंतवणूकदारांना दरमहा कंपनीची खबरबात कळवावी का?

द्राक्षवेल : आमची नाशिकची लहान कंपनी द्राक्ष निर्यातदारांना फवारणीच्या नोंदी ठेवण्याची प्रणाली पुरवते. दोन मार्गदर्शक आणि पुढे पैसे घालू शकतील असे पाच-सहा गुंतवणूकदार यांना दरमहा पानभर ईमेल पाठवावा, असा विचार आहे. हे उपयोगी पडते की अंगाशी येते? आकडे किती उघड करावेत?

हिशेबनीस : जरूर पाठवावा. जूनमध्ये आपण जे करू म्हणालात ते सप्टेंबरपर्यंत झाले का, हे गुंतवणूकदाराला परस्पर दिसते, आणि पैसे मागण्याची वेळ येते तेव्हा ओळखीपासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र आपल्या धंद्यात एक खाचखळगा आहे. समजा, आपला महिन्याचा खर्च साडेनऊ लाख, नेहमीची जमा साडेतीन लाख आणि बँकेत ४२ लाख आहेत. म्हणजे दरमहा सहा लाख घटतात आणि पैसा सात महिने पुरतो. ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारास एखादा निर्यातदार वर्षभराचे ४ लाख ८० हजार आगाऊ भरतो. त्या महिन्यात घट उरते फक्त १ लाख २० हजारांची, आणि शिल्लक तेवढीच धरून त्या घटीने भागाकार केला की पैसा ३५ महिने पुरेल असे उत्तर येते! नोव्हेंबरमध्ये तोच आकडा पुन्हा सातच्या आसपास आला की वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी बिनसले. म्हणून घट तीन महिन्यांच्या सरासरीने द्यावी, आगाऊ रक्कम वेगळी दाखवावी आणि भरायचा जीएसटी शिल्लकेतून आधीच वजा करावा. ग्राहकसंख्येची तुलनाही मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण एप्रिलनंतर निर्यातीचा हंगाम ओसरला की वापर घटणारच.

सावध : माझा याला विरोध आहे. ज्यांनी अजून एक रुपयाही घातलेला नाही, त्यांना बँकेतील शिल्लक का सांगायची? पैसा तीन महिन्यांवर आला आहे हे समोरच्याला कळले की तो वाट पाहतो आणि मग कंपनीची किंमत पाडून मागतो. शिवाय त्याच गुंतवणूकदाराचा पैसा उद्या आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे असू शकतो.

नियमवाला : कायद्यानेच हे करता येत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी कंपनीने संभाव्य गुंतवणूकदारांना असे काही पाठवूच नये.

हिशेबनीस : ते कलम समभाग देऊ करण्याच्या प्रस्तावाबद्दल आहे. त्यात जाहिरातीला मनाई आहे आणि एका आर्थिक वर्षात साधारण २०० व्यक्तींची मर्यादा आहे. कामाची प्रगती कळवणे म्हणजे प्रस्ताव नव्हे. मात्र त्याच ईमेलमध्ये ‘अमुक मूल्यांकनाने समभाग देत आहोत’ असे लिहून तो दिसेल त्याला पाठवला, तर आपला आक्षेप लागू पडेल. सावध यांच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. दोन याद्या कराव्यात : मार्गदर्शकांना शिल्लकेसह सगळे, आणि संभाव्य गुंतवणूकदारांना ग्राहक, उत्पन्न व कामाची प्रगती एवढेच.

पॅकहाउस : आम्ही सर्व भागधारकांना वार्षिक सभेची सूचना आणि ताळेबंद वेळेवर पाठवतो. वर्षातून एकदा तेवढे पुरत नाही का? मला तरी कोणी जास्त विचारलेले नाही.

सावध : पॅकहाउस, तो भागधारकांचा हक्क झाला, इथे प्रश्न बाहेरच्यांचा आहे. दोन याद्या कागदावर ठीक आहेत, पण मार्गदर्शक आणि गुंतवणूकदार एकमेकांशी बोलतात.

मार्गदर्शिका : मला असे ईमेल दरमहा येतात आणि, खरे सांगायचे तर, बहुतेक मी वरवर वाचते. थांबते ती मागणीपाशी. ‘ओळखी करून द्याव्यात’ असे लिहिले असेल तर माझ्याकडून काहीच होत नाही. ‘सांगलीकडच्या एखाद्या निर्यातदाराच्या पॅकहाउस प्रमुखाशी पंधरा मिनिटे बोलायचे आहे, नोंदी कोण भरतो हे समजून घ्यायचे आहे’ असे असेल तर मी त्याच संध्याकाळी फोन करते. आणि अडचण केव्हा ओळखावी? गेले चार महिने पहिल्या ओळीत असलेला आकडा पाचव्या महिन्यात गायब होऊन त्या जागी ‘ॲप डाउनलोड’ आले की समजावे. वाईट महिन्यात ईमेलच न येणे हेही तसेच.

द्राक्षवेल : दोन याद्यांचे पटले. पण मोठा ग्राहक हंगामाच्या तोंडावर सोडून गेला, तर ते संभाव्य गुंतवणूकदारांच्या ईमेलमध्ये लिहावे का?

मार्गदर्शिका : लिहावे, कारणासकट. निर्यातदारांचे वर्तुळ लहान आहे, त्यांना ते बाहेरून कळणारच.

सावध : कळू द्यावे. विचारले तर खरे सांगावे, पण आपण होऊन लिहू नये. यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही.