टॅग लिहिणाऱ्यानं ठरवायचे की यादीतून निवडायचे?

बीडचा_बातमीदार: आमच्या शेतीच्या पोर्टलवर नवीन फर्मान आलंय. टॅग मनानं टाकायचा नाही, यादीतून निवडायचा, अन् विषय, मोहीम, वाचक असे तीन वेगळे रकाने. रात्री अकराला तालुक्यावरून बातमी टाकताना हे काऊन करायचं? वाचकाला घंटा फरक पडत नाही.

वसमतची_ताई: दादा, वाचकाला नाही पडत, पण तुमच्या बातमीला पडतो. मी अशाच एका पोर्टलचे रिपोर्ट काढायचे. तिथं टॅग मोकळे होते, म्हणून रिपोर्टमध्ये soybean, Soybean, soyabin आणि सोयाबीन अशा चार ओळी यायच्या, वाचक मोजणाऱ्या गुगलच्या GA4 ला छोटं-मोठं अक्षरसुद्धा वेगळं वाटतं. हळद सगळे एकाच पद्धतीनं लिहायचे, म्हणून ती वर. साहेबांनी वरच्या पाच ओळी बघितल्या अन् सोयाबीनचा आठवड्याचा व्हिडिओ बंद केला. मी चारही ओळी मिळवल्या तर सोयाबीन हळदीच्या दीडपट निघालं, पण तोवर व्हिडिओ करणारा पोरगा दुसरीकडं गेला होता.

आणि तीन रकाने यासाठी की एकाच पिशवीत "सोयाबीन, खरीप, शेतकरी" टाकलं तर कुठला विषय अन् कुठली मोहीम हे मशीनला कळत नाही. असं ठेवा:

```
theme=soybean
campaign=kharif_2025
audience=shetkari
```

विषय पोस्टला एकच, मुख्य तो. दोन दिले तर ती पोस्ट दोनदा मोजली जाते अन् विषयांची बेरीज एकूण व्ह्यूजपेक्षा जास्त भरते.

जालन्याचा_रील्सवाला: माझं पण तेच, मी मोसंबीच्या रीलला भरपूर हॅशटॅग लावतो तरी रीच नाही. कुठले चालतात सांगा ना ताई.

वसमतची_ताई: भाऊ, ते लोकांना सापडावं म्हणून लावायचे. हे टॅग वाचकाला दिसतच नाहीत, आपल्या मोजणीसाठी आहेत.

परभणीकर: audience चा रकाना फालतू आहे. कोण आलं, कुठल्या वयाचं, कुठल्या गावचं हे GA4 सांगतंच की.

वसमतची_ताई: ते आलं कोण ते सांगतं. तुम्ही लिहिलं कुणासाठी ते तुम्हीच सांगायला पाहिजे. व्यापाऱ्यासाठी लिहिलेले भाव अन् शेतकऱ्यासाठी लिहिलेली फवारणी, दोन्हीत विषय सोयाबीनच. त्यातलं कुठलं पूर्ण वाचलं जातं हे या रकान्याशिवाय कळायचं नाही. गावाचा आकडा तर मोबाइलच्या नेटवरून काढलेला असतो, त्यावर फार विसंबू नका, खेड्यातला माणूस बऱ्याचदा मोठ्या शहरात दिसतो.

लातूरचा_मास्तर: माझा राग वेगळाच आहे. मराठी पोर्टल, मराठी शेतकरी, अन् टॅग इंग्रजी अक्षरात! shetkari म्हणे. शेतकऱ्यांसाठी असं सरळ का लिहीत नाही? भाषा अशीच मरते.

वसमतची_ताई: मास्तर, हाच शब्द दोन मोबाइलवर टाइप करा. एक कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर टाकतो (U+0931), दुसरा साधा र, हलन्त अन् पुढं एक न दिसणारा जोडक (U+200D). पडद्यावर दोन्ही सारखेच, पण रिपोर्टमध्ये डोळ्याला एकसारख्या दोन ओळी येतात. एक्सेलमध्ये दोन्हीला LEN लावा, एकाची लांबी 1 ने जास्त निघंल.

लातूरचा_मास्तर: म्हणजे दोष कीबोर्डचा, शिक्षा मराठीला! जोडक पुसून टाकणारा प्रोग्राम लिहा की.

परभणीकर: मास्तर, भाषण नको. माझ्या मित्रानं तेच केलं. जोडक पुसला तर "शेतकर्यांसाठी" होतं, रफार वर चढतो. म्हणजे तिसरी ओळ.

वसमतची_ताई: बरोबर. नुसता जोडक पुसायचा नाही, त्याच्यासोबत साध्या र च्या जागी ऱ घालायचा. अन् एवढं करण्यापेक्षा आतली खूण रोमनमध्ये ठेवा, लिहिणाऱ्याला यादीत मराठीच दिसू द्या.

लातूरचा_मास्तर: यादीत मराठी दिसणार असंल तर ठीक. पण shetkari मला पटलेलं नाही, हे लिहून ठेवा.

परभणीकर: यादीचं दुखणं कुणी बोलंना. आमच्याकडं सुरुवातीला वीस विषय होते, जो तो नवीन मागायचा, आता स्क्रोल करून बोट दुखतं, म्हणून सगळे "इतर" दाबतात. सगळ्यात मोठा विषय इतर! असल्या रिपोर्टचं काय लोणचं घालायचं?

वसमतची_ताई: हे खरंय, तुमचं म्हणणं मान्य. "इतर" फुगायला लागलं की यादी चुकली असं समजायचं. दर आठवड्याला एका माणसानं "इतर"मधल्या पोस्ट उघडून बघाव्यात. तेच ते दिसलं तर नवीन विषय, नाहीतर असलेल्यात ढकला. तो माणूस नेमला नाही तर यादी मरतेच.

बीडचा_बातमीदार: बरं, मोहीम अन् वाचक डेस्कनं भरावं, मी फक्त विषय निवडतो. यापुढं एक क्लिक नाही करणार. पण मागच्या तीन वर्षांच्या बातम्यांचं काय?

वसमतची_ताई: GA4 मधलं जुनं बदलत नाही. नवीन रकाना नोंदवल्यापासून पुढचंच जमा होतं. जुन्यासाठी लिंक अन् विषय अशी शीट करून रिपोर्ट बाहेर जोडावा लागतो.

बीडचा_बातमीदार: अन् ती शीट कोण भरणार? मला सांगितलं तर मी भरत नसतो, आत्ताच सांगतो.