मदत हवी आहे: लग्न जुळवणाऱ्या साइटवरून बहिणीची माहिती कायमची पुसून घ्यायची आहे

सिंहगडरोडवाला
मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. साइटवरचं प्रोफाइल तिनं बंद केलं, तरी "चांगलं स्थळ आहे, प्लॅन घ्या" असे फोन चालूच. पत्रिका, पगार, फोटो सगळं तिथं पडून आहे. नाव साताऱ्याच्या मामांनी त्यांच्या मोबाइलवरून नोंदवलं होतं, ईमेल मात्र तिचा आहे. कस्टमर केअर म्हणतं, "प्रोफाइल हाइड केलंय." नव्या डेटा कायद्याखाली पुसायला सांगता येतं का? अर्ज कसा लिहायचा?

पाषाणकर
सरळ युरोपच्या डेटा कायद्याचं, जीडीपीआरचं, कलम १७ टाका. महिन्यात डिलीट करावंच लागतं. मी जर्मन शिकवणाऱ्या एका साइटला लिहिलं होतं, लगेच काम झालं.

नीलिमा_क
ती कंपनी युरोपातली, म्हणून झालं. इथं कंपनी भारतातली, मुलगी पुण्यातली. कलम १७ लिहिलंत तर "आम्हाला लागू नाही" एवढंच उत्तर येईल, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आपला कायदा २०२३ चा. त्यात कलम ६ खाली संमती मागे घेता येते आणि कलम १२ खाली माहिती पुसायला सांगता येते. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर २०११ चे आयटी नियम आहेत. नियम ५ प्रमाणे दिलेली संमती लेखी मागे घेता येते आणि तक्रार अधिकाऱ्यानं महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. "पुसून टाका" असा हक्क त्यात सरळ शब्दांत नाही. म्हणून अर्जात जोर संमती मागे घेण्यावर द्यायचा.

कस्टमर केअरला लिहू नका. साइटच्या प्रायव्हसी पॉलिसीत तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर पाठवा. बहिणीनं स्वतः, नोंदवलेल्या ईमेलवरून. तुम्ही पाठवलंत तर "खातेदार तुम्ही नाही" म्हणून परत येईल. मजकूर साधारण असा:

> विषय: संमती मागे घेणे व वैयक्तिक माहिती पुसणे, प्रोफाइल क्रमांक ____
>
> माझी माहिती वापरण्यास दिलेली संमती मी आयटी नियम २०११, नियम ५(७) अन्वये आजपासून मागे घेत आहे. प्रोफाइल लपवणे किंवा निष्क्रिय करणे मला मान्य नाही. माझे नाव, फोटो, पत्रिका, पगार, पत्ता, चॅट आणि नोंदवलेले मोबाइल क्रमांक कायमचे पुसावेत. ही माहिती ज्या शाखांना, एजंटांना व भागीदार कंपन्यांना दिली, त्यांची नावे कळवावीत आणि त्यांच्याकडूनही ती पुसून घ्यावी. काही माहिती कायद्याने ठेवावी लागत असल्यास कोणती, कोणत्या कायद्याखाली व किती काळ, हे लिहावे. पुसल्याची तारीख लेखी कळवावी.

"कोणत्या कायद्याखाली" हे वाक्य गाळू नका. पैसे भरले असतील तर जीएसटीची बिलं त्यांना काही वर्षं ठेवावीच लागतात. पण बिलासाठी पत्रिका आणि फोटो लागत नाहीत.

आजोबा_कर्वेनगर
माझं नाव गूगलवर शोधलं की जुना पत्ता दिसतो. हाच अर्ज गूगलला चालेल का?

नीलिमा_क
नाही काका, तो वेगळा विषय. गूगलमधून फक्त शोधाचा निकाल जातो, मूळ पान तसंच राहतं. वेगळा धागा काढा, तिथं लिहिते.

मंदार_औंध
आमच्याकडे त्यांनी आधारची प्रत मागितली होती. पुसायला सांगायचं आणि वर आणखी कागद द्यायचा! नोंदवलेल्या ईमेलवर ओटीपी पाठवा म्हटलं, ऐकलं. अडलेच तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. आणि अर्ज जाण्याआधी खातं डिलीट करू नका, प्रोफाइल क्रमांक सापडत नाही मग. स्क्रीनशॉट आधी काढा. फोटोवर राइट क्लिक करून त्याची लिंकही जपून ठेवा.

सिंहगडरोडवाला
लिंक कशाला?

मंदार_औंध
"डिलीट झालं" असा मेल आला की इन्कॉग्निटोत ती उघडा. प्रोफाइल गेलं तरी फोटो सर्व्हरवर तसाच, असं आमच्या बाबतीत झालं होतं. "पासवर्ड विसरलो" दाबून ओटीपी येतो का तेही पाहा. आला तर खातं जिवंत आहे.

सिंहगडरोडवाला
आभार. मामांच्या मोबाइलचं काय? फोन त्यांनाही येतात.

नीलिमा_क
नंबर मामांचा, संमतीही त्यांची. त्यांनी दोन ओळींचा वेगळा मेल पाठवावा, बहिणीचा प्रोफाइल क्रमांक घालून.

पाषाणकर
पण तिनं स्वतःच प्रोफाइल सगळ्यांना दाखवलं होतं ना? स्वतः जाहीर केलेल्या माहितीला नवा कायदा लागत नाही असं वाचलंय.

नीलिमा_क
ती सूट कायद्यात आहे, हे बरोबर. पण लॉगिन करून, पैसे भरून दिसणारं प्रोफाइल "जाहीर" धरायचं का, यावर डेटा संरक्षण मंडळाचा निर्णय अजून आलेला नाही. माझ्या मते नाही. कंपनीचा वकील उलट म्हणेल.

सिंहगडरोडवाला
बहिणीनं मेल टाकला. शाखेच्या बाईंनी बायोडेटा व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरवला होता, तो कोण पुसणार?

मंदार_औंध
त्या बाईंचं नाव मेलमध्ये घाला, म्हणजे "आमचा संबंध नाही" म्हणणं कंपनीला जड जाईल. ग्रुपमधल्या लोकांच्या फोनमधून मात्र तो निघत नाही.