शब्दचर्चा: जहाजाच्या करारातला 'बेसिक', 'लीव्ह पे' आणि 'गॅरंटीड ओव्हरटाइम'

खाडीकाठ
धाकट्या भावाला एबी, म्हणजे डेकवरचा कुशल खलाशी म्हणून पहिलाच करार मिळालाय, सहा महिन्यांचा. एजंट फोनवर म्हणाला, "पगार चौदाशे डॉलर." कागदावर मात्र तीन ओळी आहेत: बेसिक ६९२, गॅरंटीड ओव्हरटाइम १०३ तासांचे ५१५, लीव्ह पे १८४.५३. बेरीज १३९१.५३, म्हणजे एजंट खोटं बोलला नाही. आईला समजावं म्हणून मी मराठीत लिहून काढलं: मूळ वेतन, अतिकालिक भत्ता, रजा वेतन. ती वाचून म्हणाली, "म्हणजे रजेवर घरी आला की महिन्याला १८४ डॉलरच मिळणार?" माझे शब्द चुकले की आईचा अर्थ?

हिशेबतपासनीस
शब्द बरोबर आहेत. शासनव्यवहारात 'अतिकालिक भत्ता' आणि 'रजा वेतन' हेच वापरतात. रजा वेतन म्हणजे रजेवर असतानाचं वेतन. भावाने रजा घेतली नाही तर ती खात्यावर साठेल. आमच्याकडे अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. जहाजावरही तसंच असणार.

जुना सारंग
नाही साहेब, तिथे तसं नसतं. जहाजावरच्या माणसाची नोकरी बहुतेक वेळा करारापुरतीच असते. साइन ऑफ होऊन बोटीवरून उतरला की करार संपला, मग रजा कोणाच्या खात्यावर साठणार? म्हणून जहाजावर काम केलेल्या प्रत्येक महिन्यामागे ठरावीक दिवसांची रजा 'कमावली' असं धरतात आणि तिचे पैसे तिथेच मोजून देतात. भावाचा आकडा बघा: ६९२ भागिले ३० म्हणजे दिवसाला २३.०७. त्याला ८ ने गुणलं की १८४.५३. म्हणजे या करारात महिन्याला ८ दिवसांची रजा आहे. एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे किमान अडीच दिवस द्यावेच लागतात, त्या मानाने हे चांगलं. सहा महिन्यांत ४८ दिवस, ११०७ डॉलर. आईंना सांगा, हे घरी बसल्यावर मिळायचे पैसे नाहीत. घरी बसायचे पैसे आधीच मिळालेले असतात, किंवा उतरताना एकदम मिळतात.

हर्णैची सूनबाई
हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. मिस्टर घरी आले आणि पुढच्या महिन्यात बँकेत काहीच जमा झालं नाही. मी म्हटलं, पगारपत्रकात दर महिन्याला लीव्ह पे दिसतो, मग कंपनीने अडकवला का? तर तो दर महिन्याच्या रकमेतच येत होता आणि आम्ही तो खर्चून बसलो होतो. आता त्यांच्या नव्या कंपनीत लीव्ह पे साइन ऑफच्या वेळी मिळतो. दरमहा घरी येणारी रक्कम कमी दिसते, पण मला तेच बरं वाटतं. ताई, करारात हे लिहिलेलं असतं का, की विचारावं लागतं?

जुना सारंग
सूनबाई, लिहिलेलं असायला हवं, पण विचारलेलं बरं. आणि एक लक्षात घ्या, रजेचे दिवस फक्त बेसिकवर मोजतात. बोटीवर असताना खाडीकाठ यांच्या भावाचा दिवस सुमारे ४६ डॉलरचा, रजेचा दिवस २३ चा. तीन महिने घरी राहिला तर त्यातल्या ४८ दिवसांचेच पैसे, तेही अर्ध्या दराने. (आणि मी ताई नाही, मिशीवाला आहे.)

डेकवरचा पोरगा
सगळ्यांना एक सांगतो, बेसिकची काळजी करू नका. एबीचं किमान बेसिक आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ठरवते, २०२५ साली ते ६७३ डॉलर होतं. त्याच्या खाली कोणी देऊच शकत नाही, कायदा आहे. भावाचं ६९२ आहे, म्हणजे विषय संपला. एकूण किती ते बघा आणि सही करा.

जुना सारंग
आकडा बरोबर, पण 'कायदा आहे' हे अर्धंच खरं. ती रक्कम एमएलसीच्या मार्गदर्शक भागात येते. बंधनकारक होते ती ज्या देशाचा झेंडा आहे त्याच्या कायद्यामुळे किंवा युनियनबरोबरच्या करारामुळे. झेंडा कुठला आणि कुठला सामूहिक करार लागू आहे, हे आधी बघावं.

आणि 'एकूण बघा' या सल्ल्याने पोरं फसतात. समजा दुसऱ्या एजंटने याच भावाला करार दिला: बेसिक ५१९, ओव्हरटाइम १०३ तासांचे ३८६.२५, लीव्ह पे १३८.४० आणि 'स्पेशल अलाउन्स' ३४८. बेरीज १३९१.६५. पहिल्यापेक्षा बारा सेंट जास्तच! पण १०३ तासांच्या वर काम झालं तर तासाला ५ च्या जागी ३.७५ मिळणार. रजेचा दिवस २३ वरून १७.३० वर आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजारपण. बोटीवर असेपर्यंत पूर्ण पगार द्यावा लागतो, पण हात मोडून घरी पाठवलं की त्यानंतरचा आजारपणाचा पगार बऱ्याच करारांत फक्त बेसिकवर असतो. एमएलसीप्रमाणे देशाच्या कायद्याने कंपनीची ही जबाबदारी मर्यादित करता येते, फक्त ती दुखापतीच्या दिवसापासून १६ आठवड्यांपेक्षा कमी करता येत नाही. तीन महिने घरी पडून राहिला तर पहिल्या करारात २०७६, दुसऱ्यात १५५७. बेसिक म्हणजे घराचा पाया, बाकी सगळं त्याच्या मापाने उभं राहतं.

डेकवरचा पोरगा
मान्य. पण आमच्या बोटीवर 'फिक्स्ड ओव्हरटाइम' लिहिलंय, 'गॅरंटीड' नाही. दोन्ही एकच ना?

जुना सारंग
इथे मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण कागद लिहिणारे दोन्ही शब्द वाटेल तसे वापरतात. माझ्या समजुतीप्रमाणे गॅरंटीड म्हणजे १०३ तास काम झालं नाही तरी पैसे मिळणार आणि १०३ च्या वर गेलं तर वरचे तास वेगळे मोजणार. फिक्स्ड म्हटलं की काही ठिकाणी तोच अर्थ, काही ठिकाणी 'कितीही तास करा, रक्कम एवढीच.' अधिकाऱ्यांच्या करारात हा दुसरा प्रकार जास्त दिसतो, त्याला कन्सॉलिडेटेड म्हणतात. शब्दावरून ओळखू नका. 'जादा तासाचा दर' ही ओळ आहे का बघा. ती नसेल तर समजा कितीही तास.

भाषाप्रेमी
मूळ प्रश्न शब्दांचा होता म्हणून: 'अतिकालिक भत्ता' म्हटलं की वाटतं, काम केलं तरच मिळेल. इथे तर काम न करताही १०३ तासांचे मिळतात. 'हमीचा ओव्हरटाइम' कसं वाटतं? आणि 'रजा वेतन' ऐवजी 'रजेपोटी रक्कम'. आईंना लगेच कळेल.

खाडीकाठ
'रजेपोटी रक्कम' आवडलं, तेच लिहितो. पण तासाला पाच डॉलरचा दर कसा काढला?

जुना सारंग
उलटा हिशोब करा. ५१५ भागिले १०३, तासाला ५. ओव्हरटाइम साध्या तासाच्या किमान सव्वापट हवा, म्हणजे साधा तास ४ डॉलरचा. ६९२ ला ४ ने भागा, १७३ येतात. आठवड्याला ४० तास धरून महिन्याचे तास तेवढेच होतात, ४० गुणिले ५२ भागिले १२. म्हणजे शनिवार-रविवारचं काम भावाला ओव्हरटाइममध्ये धरलंय. काही करारांत आठवडा ४८ तासांचा असतो, मग भाजक २०८ होतो आणि त्याच ६९२ बेसिकवर ओव्हरटाइमचा तास ४.१६ वर येतो.

फरक कुठे पडतो बघा. भाऊ रोज १० तास, तीसही दिवस राबला तर ३०० तास. त्याच्या करारात १७३ आणि १०३ मिळून २७६ झाकले जातात, वरच्या २४ तासांचे १२० डॉलर वेगळे मिळायला हवेत. भाजक २०८ असता तर ३११ तासांपर्यंत वर काहीच नाही. एवढा फरक एका भाजकाचा, आणि तो कागदावर बऱ्याचदा छापलेला नसतो.

हर्णैची सूनबाई
हे १२० डॉलर खरंच मिळतात का हो? आमच्याकडे कधी दिसले नाहीत.

डेकवरचा पोरगा
वहिनी, सांगू का खरं? चीफ ऑफिसर म्हणतो, विश्रांतीच्या तासांचा तक्ता स्वच्छ दिसला पाहिजे, तपासणी येईल. दिवसाला निदान १० तास विश्रांती दाखवावी लागते. मग ज्या दिवशी १५ तास काम झालं, त्या दिवशी तक्त्यात १२ लिहितात. आणि ओव्हरटाइम शीट तक्त्याशी जुळवायची म्हणून तीन तास तिथूनही गायब. आम्ही सगळे सही करतो, वाद कोण घालणार.

जुना सारंग
हेच होतं. ओव्हरटाइमची नोंद कॅप्टनने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने ठेवायची आणि खलाशाने महिन्यातून निदान एकदा त्यावर सही करायची, असा नियमाचा हेतू आहे. ती सही म्हणजे 'मला हे तास मान्य आहेत'. एकदा केली की उतरल्यावर युनियनमध्ये भांडायला हातात काही उरत नाही. भावाला सांगा, स्वतःच्या वहीत रोजचे तास लिही आणि महिनाअखेरीला पगाराचा हिशोब मिळेल तो जपून ठेव. त्यात कमाई आणि कपात दोन्ही असतात: कॅश अॅडव्हान्स, बॉन्ड स्टोअरचं सामान, घरी पाठवलेलं अलॉटमेंट. साबण-सिगारेटीचे पैसे कापले म्हणून तक्रार करणारे पुष्कळ भेटले, ओव्हरटाइमचे तास तपासणारे फार थोडे.

हिशेबतपासनीस
म्हणजे हे आमच्यापेक्षा उलटंच दिसतंय. आमच्याकडे रजा घेतली तर पगार चालू राहतो, इथे पगार बंद होणार म्हणून रजेचे पैसे आधी. पण मग भविष्य निर्वाह निधी बेसिकवरच कापतात का?

जुना सारंग
भारतीय खलाशांसाठी सीफेअरर्स प्रॉव्हिडंट फंड आहे. पण करार कुठला आणि झेंडा कुठला त्यावर फरक पडतो. त्याचा वेगळा धागा काढा, इथे उरकायचा विषय नाही.

खाडीकाठ
कागद परत उघडला. ओव्हरटाइमच्या कलमात तासाचा दर ५.०० छापलाय, पण खाली एक वाक्य आहे: '१०३ तासांवरचा ओव्हरटाइम कंपनीच्या धोरणानुसार.' लीव्ह पे साइन ऑफला मिळेल असंही आहे. आजारपणाचं कलम सापडलं नाही, 'सामूहिक कराराप्रमाणे' एवढंच. तो सामूहिक करार सोबत जोडलेला नाही.

जुना सारंग
'धोरणानुसार' खोडून '५ डॉलर प्रतितास' लिहून मागा. आणि सामूहिक कराराची प्रत सहीच्या आधी मागा. सही करण्यापूर्वी करार वाचून सल्ला घेण्याची संधी देणं बंधनकारक आहे, त्यामुळे एजंट 'वेळ नाही' म्हणाला तरी हटू नका. परवानाधारक एजंट असेल तर देईलच. परवाना क्रमांक डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत आहे ना, तेही बघून घ्या.

खाडीकाठ
परवाना आहे. प्रत उद्या पाठवतो म्हणाला. आली की आजारपणाचं कलम इथे टाकतो, भाषा पुन्हा कळली नाही तर.

भाषाप्रेमी
नक्की टाका. आणि 'स्पेशल अलाउन्स'ला मराठीत काय म्हणायचं ते सुचवा कुणीतरी. 'विशेष भत्ता' म्हटलं की उगाच भारदस्त वाटतो, आणि इथे तर तो बेसिक लहान ठेवायला वापरलाय.