प्रतिसाद: काम आधी आणि वचन नंतर असेल तर

«मॅकआर्डल खटल्यात काम झाले होते, लेखी वचनही होते, मग पैसे का मिळाले नाहीत?»

१९५१ च्या या इंग्लिश निवाड्यात घराची दुरुस्ती सुनेने स्वतःहून केली होती आणि ४८८ पौंड देण्याच्या कागदावर घराचे वारस असलेल्या भावंडांच्या सह्या काम संपल्यावर झाल्या. कागदाची भाषा काम पुढे व्हायचे असल्यासारखी होती, तरी न्यायालयाने प्रत्यक्ष क्रम पाहिला: वचनाच्या मोबदल्यात सुनेने नवे काहीच केले नव्हते, म्हणून ते वचन कृतज्ञतेपुरतेच उरले.

भावंडांनीच आधी दुरुस्ती करायला सांगितले असते, तर विचार वेगळा झाला असता. १९७९ च्या पाओ ऑन निवाड्यानुसार कृती वचनदात्याच्या विनंतीवरून झालेली हवी, मोबदला मिळणार हे दोघांनी गृहीत धरलेले हवे, आणि तेच वचन आधी दिले असते तर ते कायद्याने अंमलात आणता आले असते. अशा वेळी नंतरचे वचन केवळ रक्कम ठरवते. उत्तरपत्रिकेत बहुतेकांचा दुसरा मुद्दा सुटतो.

भारतीय उत्तरात मात्र आधी झालेले काम नंतरच्या वचनाचा मोबदला ठरत नाही हा इंग्लिश नियम जसाच्या तसा उतरवू नये. भारतीय करार कायद्याचे कलम २(ड) वचनदात्याच्या इच्छेने पूर्वी केलेली कृतीही प्रतिफल म्हणजे वचनाचा मोबदला मानते, तर स्वेच्छेने वचनदात्यासाठी केलेल्या कामाच्या भरपाईचे वचन कलम २५(२) खाली टिकू शकते.